जर्मनीत पार्किंगच्या पाटीचा फोटो काढला, भाषांतरही केलं, तरी दंड आला: नेमकं कुठे चुकतं?

जर्मनीत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात मला ओळखीच्यांचे फोटो येतात. खांबावर दोन-तीन पाट्या, खाली ‘इथे लावू का गाडी?’ असा प्रश्न. निम्म्या वेळा प्रश्न येतो तेव्हा गाडी लावून दोन तास झालेले असतात आणि फोटोत काचेवरची दंडाची चिठ्ठीही दिसते. इतक्या फोटोंनंतर लक्षात आलं की सगळे त्याच चार-पाच जागी अडखळतात. मोबाइलवरच्या भाषांतराने शब्द कळतात, पण पाटीचं व्याकरण कळत नाही. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितोय. आधी लक्षणं, मग फुकटात आणि उभ्या उभ्या होणाऱ्या तपासण्या, शेवटी पायपीट आणि कागदपत्रांच्या.

लक्षणं

- भाषांतरात ‘मोफत’ असं आलं, म्हणून गाडी लावली. परत आलात तर चिठ्ठी.
- पाटीवर ‘कामाचे दिवस’ लिहिलंय आणि तुम्ही शनिवारी लावली, तरी चिठ्ठी.
- गाडीच्या आसपास एकही पाटी नव्हती, तरी चिठ्ठी.
- आल्याची वेळ दाखवणारी निळी तबकडी काचेत ठेवली होती, वेळही बरोबर लावली होती, तरी चिठ्ठी.
- दंड किती ते पाटीवर शोधून सापडत नाही. किंवा उलट, पाटीवर आकडा आहे, पण तो कोणाच्याच हिशोबात बसत नाही.
- गाडीच जागेवर नाही.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही न वाचता थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: फोटोत पूर्ण खांब आहे का?

हसू येईल, पण माझ्याकडे आलेल्या फोटोंपैकी बरेचसे इथेच बाद होतात. लोक मजकुराची पाटी जवळून टिपतात आणि वरची गोल किंवा चौकोनी खूण कापली जाते. जर्मन पद्धतीत काळ्या चौकटीची पांढरी पूरक पाटी स्वतः काहीच सांगत नाही. ती तिच्या लगेच वर असलेल्या खुणेला अट घालते. वर निळा ‘पी’ असेल तर खालची वेळ म्हणजे ‘या वेळात या अटीवर लावा’. वर लाल कडेचं निळं वर्तुळ असेल तर तीच वेळ म्हणजे ‘या वेळात लावूच नका’. मजकूर अक्षरशः तोच, अर्थ उलटा. एका खांबावर दोन खुणा असतील तर प्रत्येक खुणेच्या खालच्या पाट्या तिच्या तिच्या. सगळ्या एका दमात वाचून एकत्र अर्थ लावला की घोळ ठरलेला.

लाल कडेच्या वर्तुळात दोन आडव्या-तिडव्या रेघा, म्हणजे फुली असेल, तर थांबायचंही नाही. एकच तिरकी रेघ असेल तर तीन मिनिटांपर्यंत थांबता येतं. माणसं चढ-उतार करत असतील किंवा सामानाची ने-आण चालू असेल तर त्याहून थोडं जास्त, पण रेंगाळायचं नाही. गाडी सोडून गेलात की ते पार्किंग झालं, मग एक मिनिट का असेना. ‘इंजिन चालू होतं’ किंवा ‘चारही दिवे लुकलुकत होते’ याने काही फरक पडत नाही.

एक गोष्ट इथेच पाहून घ्या: पाटीवर दंडाची रक्कम छापलेली आहे का? सरकारी पाटीवर ती नसते. दंड देशभर लागू असलेल्या तक्त्यात असतो, पाटी फक्त नियम सांगते. फोटोत युरोमधला आकडा दिसला आणि जवळपास हा शब्द असला,

```
Vertragsstrafe
```

तर ती खासगी जागा आहे: दुकानाचं आवार, दवाखान्याचं अंगण, असं काहीतरी. फेरट्राग्स-श्ट्राफं म्हणजे कराराचा भंग केल्याची रक्कम. तिथे गाडी लावणं म्हणजे मालकाची अट मान्य करणं, आणि मागणी पालिकेकडून नाही, जागा सांभाळणाऱ्या कंपनीकडून येते. या लेखातला दंडाचा हिशोब तिला लागू नाही. तिथली रक्कम आणि मुदत त्याच फलकावर बारीक अक्षरात असते, म्हणून अशा फलकाचा फोटो पूर्ण आणि वाचता येईल असा काढा.

दुसरी तपासणी: ‘फ्राय’ शब्द कुठे आहे आणि कुठे नाही

सगळ्यात जास्त दंड या एका शब्दाने खाल्लेत. पाटीवर असं लिहिलेलं असतं:

```
Bewohner mit
Parkausweis
frei
```

भाषांतर सांगतं, ‘परवानाधारक रहिवासी मोफत’. वाचणारा ‘मोफत’ एवढंच उचलतो. फ्राय म्हणजे इथे फुकट नव्हे, तर ‘वरच्या नियमातून सूट’. सूट कोणाला? त्या भागातल्या रहिवासी परवान्याच्या गाड्यांना. तुमच्यासाठी ही ओळ नाहीच असं समजून ती बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. वर ‘दोन तास, तबकडीसह’ असेल तर तुम्हाला दोन तास. वर फुलीचं वर्तुळ असेल तर तुम्हाला काहीच नाही.

आता हीच पाटी ‘फ्राय’शिवाय:

```
Bewohner mit
Parkausweis
```

निळ्या ‘पी’खाली एवढंच असेल, तर ती जागा फक्त रहिवाशांची. बाहेरच्याने पैसे भरूनही चालत नाही. म्हणजे एका चार अक्षरी शब्दाच्या असण्या-नसण्याने तुमचे दोन तास येतात किंवा जातात. फोटोत पाटीची खालची कड कापली गेली असेल तर नेमका हाच शब्द गायब होतो. म्हणूनच पूर्ण खांबाचा हट्ट.

तिसरा प्रकार मोठ्या शहरांत फार दिसतो:

```
mit Parkschein
oder
Bewohner mit Parkausweis
```

‘ओडर’ म्हणजे ‘किंवा’. एकतर यंत्रातून काढलेली पावती, म्हणजे पार्कशाइन, नाहीतर रहिवासी परवाना. बाहेरच्यासाठी हा सरळ सशुल्क पार्किंगचा भाग आहे. परवान्यासोबत भागाचा क्रमांक असतो. त्याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, तो रहिवाशांसाठी आहे.

चाकाच्या खुर्चीचं चित्र, चार्जिंगला लावलेल्या विजेच्या गाडीचं चित्र, टॅक्सी: या जागांवर वाद घालण्यात अर्थ नाही. चित्र तुमचं नसेल तर पुढे चला.

तिसरी तपासणी: दिवस

```
werktags 8-18 h
```

वेर्कटाग्स. भाषांतर म्हणतं ‘आठवड्याचे दिवस’ किंवा ‘कामाचे दिवस’, आणि पाच दिवसांच्या आठवड्याची सवय झालेला माणूस सोमवार ते शुक्रवार धरतो. पार्किंगच्या नियमात शनिवारही वेर्कटाग आहे. सुटतात फक्त रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या. शनिवारी शहर बघायला बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांचा घात हाच शब्द करतो. पालिकेला शनिवार मोकळा सोडायचा असेल तर ती सरळ ‘मोंटाग ते फ्रायटाग’ची अक्षरं लिहिते:

```
Mo-Fr 8-18 h
```

इथे शनिवार-रविवारी अट नाही. पण सोमवार ते शुक्रवारमध्ये एखादी सुट्टी आली तर? ‘वेर्कटाग्स’ असतं तर सुटलात असतात. ‘मो-फ्र’ मात्र वारांची नावं घेतं, सुट्टीचं नाही. म्हणून मी तरी सुट्टीच्या दिवशीही नियम चालू आहे असंच धरतो. एका दिवसाच्या पावतीच्या पैशासाठी कोर्टातला शब्दार्थ कशाला अंगावर घ्यायचा?

सुट्ट्या राज्यागणिक बदलतात हेही विसरू नका. 8 मार्च बर्लिनमध्ये 2019पासून सुट्टी आहे, म्युनिकमध्ये नाही. 15 ऑगस्ट म्युनिकमध्ये सुट्टी आहे, बर्लिनमध्ये नाही. आणि 24 व 31 डिसेंबर कितीही सणाचे वाटले, दुकानं अर्ध्या दिवसात बंद झाली, तरी कायद्याने ते सुट्टीचे दिवस नाहीत. रविवार नसेल तर ते वेर्कटाग.

तासांचं घड्याळ 24चं आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की वेळ संपली की अट संपते: 8 ते 18च्या पाटीखाली संध्याकाळी 6 वाजून 5 मिनिटांनी लावलेली गाडी रात्रभर राहू शकते. पण सकाळी 8 वाजता नियम पुन्हा उभा राहतो आणि तेव्हा तुम्ही हॉटेलात नाश्ता करत असता. ही चिठ्ठी ‘रात्री तर चालत होतं’ या तक्रारीसोबत येते.

चौथी तपासणी: तबकडी की पावती?

पूरक पाटीवर घड्याळासारख्या तबकडीचं चित्र आणि शेजारी ‘2 Std.’ असेल, तर पैसे लागत नाहीत, पण निळी तबकडी काचेमागे ठेवावी लागते. ‘स्टुंडन’, म्हणजे तास. तबकडी 11 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच, निळी, ठरलेल्या नमुन्याची असते. भाड्याच्या गाडीत बहुधा दाराच्या कप्प्यात पडलेली सापडते. कागदावर पेनाने वेळ लिहून ठेवलेली चिठ्ठी चालत नाही. अनेकांनी करून पाहिलंय.

ही तबकडी लावायची रीत पाहुण्याच्या फायद्याची आहे, पण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पोहोचल्याची खरी वेळ लावायची नाही, तर त्यानंतरचा पहिला अर्धा तास लावायचा. 10 वाजून 10 मिनिटांनी आलात तर काटा साडेदहावर. 10:35ला आलात तर 11वर. दोन तास तिथून मोजायचे. म्हणजे 10:35ला आलेल्याला 1 वाजेपर्यंत मुभा, 12:35पर्यंत नाही. काटा दोन अर्ध्या तासांच्या मध्ये कुठेतरी ठेवला की वाद होतो, म्हणून नेमका रेघेवर ठेवा. आणि दोन तासांनी परत येऊन काटा पुढे सरकवायचा नाही. गाडी हलवली नाही तर नवीन मुदत मिळत नाही. ‘तबकडी होती तरी चिठ्ठी’ या लक्षणामागे तीनपैकी एक गोष्ट निघते: काटा सरकवलेला, तबकडी आसनावर घसरून उलटी पडलेली, किंवा ती जागा तबकडीची नव्हतीच, पावतीची होती.

पावतीच्या भागात तबकडी चालत नाही, याला एकच अपवाद आहे आणि तो कामाचा आहे. यंत्र बंद असेल तर तबकडी लावून तिथल्या कमाल मुदतीपर्यंत गाडी ठेवता येते. नुसतं ‘यंत्र बंद होतं’ म्हणून तबकडी न लावता निघून गेलात तर दंड बसतो. बंद यंत्राचा फोटो काढा, त्याचा क्रमांक दिसू द्या, आणि जवळच दुसरं चालू यंत्र नाही ना हेही पाहून घ्या.

पाचवी तपासणी: बाण

आता थोडं चालावं लागेल. खुणेतच पांढरा आडवा बाण असेल तर तो पट्टा कुठून कुठपर्यंत हे सांगतो. लोक तो ‘इकडे’ किंवा ‘तिकडे’ असा वाचतात आणि चुकतात. नियम डावा-उजवा नाही. बाणाचं टोक रस्त्याकडे असेल तर पट्टा इथे सुरू होतो. टोक रस्त्यापासून दूर, फुटपाथ किंवा घरांकडे असेल तर इथे संपतो. दोन्हीकडे टोकं असतील तर तुम्ही पट्ट्याच्या मध्ये आहात.

रस्त्याच्या उजव्या कडेला लावलेल्या पाटीत सुरुवातीचा बाण डावीकडे वळलेला दिसतो. डाव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्याच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसतं. शिवाय एकेरी रस्त्यावर पाटी डाव्या कडेलाही असू शकते. जवळून काढलेल्या फोटोत रस्ता कोणत्या बाजूला आहे तेच दिसत नाही, मग बाण बरोबर वाचायला काही आधारच राहत नाही. माझ्याकडे असा फोटो आला की मी दुसरा मागतो: दहा पावलं मागे जा, खांब, रस्ता आणि तुमची गाडी एकाच चौकटीत आणा.

बाण नसला तर मनाईची खूण पाटीपासून पुढे, त्याच बाजूला, पुढच्या चौकापर्यंत किंवा दुसरी पाटी येईपर्यंत चालते. समोरच्या बाजूला लागू नाही. ‘पाटी तर गाडीच्या मागे 30 मीटरवर होती’ हा बचाव इथेच मोडतो.

चौकाशी आणखी एक न लिहिलेला नियम आहे. चौकाच्या कोपऱ्यापासून 5 मीटरच्या आत पार्किंग नाही, आणि उजवीकडे वेगळा बांधलेला सायकलमार्ग असेल तर 8 मीटर. त्यासाठी पाटी लावत नाहीत.

सहावी तपासणी: ‘इथे तर पाटीच नव्हती’

या तक्रारीमागे जवळपास नेहमी झोन असतो. पांढऱ्या चौकोनात निळा ‘पी’ किंवा एका रेघेचं वर्तुळ, आणि खाली हा शब्द:

```
ZONE
```

ही पाटी भागात शिरताना एकदाच लागते. त्यानंतर आतल्या सगळ्या गल्ल्यांना तोच नियम, शेवटची पाटी येईपर्यंत. शेवटची पाटी करडी, तिरक्या रेघांनी खोडलेली असते. बर्लिनमध्ये पार्किंगचे असे मोठे भाग आहेत. गाडी शांत गल्लीत झाडाखाली उभी असते, आजूबाजूला खांबही नसतो, आणि नियम मात्र चार गल्ल्या मागे तुम्ही गाडीतून बघता बघता ओलांडलेला असतो.

शोधायचे दोन मार्ग. स्वस्त मार्ग: आसपासच्या उभ्या गाड्यांच्या काचा पाहा. बहुतेकांत परवाना, पावती किंवा तबकडी दिसली तर तुम्ही झोनमध्ये आहात. फुटपाथवर पार्किंगचं यंत्र दिसलं तरी तेच. खात्रीचा मार्ग: ज्या मोठ्या रस्त्याने आलात तिथपर्यंत चालत जाऊन दोन्ही कडा पाहा. दहा मिनिटं लागतात. एकट्या गाडीच्या फोटोवरून झोन कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

सातवी तपासणी: रबरी पायाची तात्पुरती पाटी

घर बदलणारे, रस्ता खोदणारे, चित्रीकरणवाले काही दिवसांसाठी मनाईच्या पाट्या उभ्या करतात. खांब जमिनीत रोवलेला नसतो, जड रबरी पायात खोचलेला असतो, खाली तारीख आणि वेळ. ती कायमच्या पाटीला बाजूला सारते. तारीख वाचताना आधी दिवस, मग महिना. ‘फोम’ म्हणजे पासून, ‘बिस’ म्हणजे पर्यंत.

खरी अडचण तेव्हा, जेव्हा तुम्ही गाडी लावली तेव्हा पाटी नव्हती आणि नंतर आली. लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने 2018मध्ये ठरवलं की पाटी लावल्यानंतर पूर्ण तीन दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते; चौथ्या दिवसापासून गाडी उचलण्याचा खर्च मालकावर टाकता येतो. म्हणजे गाडी एका जागी ठेवून आठवडाभर रेल्वेने फिरायला गेलात तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी गाडी बघून यायला हवं. लावताना काढलेला रस्त्याचा फोटो इथे कामाला येतो, कारण त्यात तारीख-वेळ असते आणि पाटी तेव्हा नव्हती हे दिसतं.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका शनिवारी ओळखीच्या एका ताईंचा फोटो आला. ‘अरे, पाटीवर मोफत लिहिलंय, शनिवार आहे, आणि तरी चिठ्ठी! यांना काही नियम आहेत की नाही?’ खांबावर निळा ‘पी’, बाण नाही. खाली तबकडीचं चित्र, आणि दोन पाट्या:

```
2 Std.
werktags 8-18 h
```
```
Bewohner mit
Parkausweis
frei
```

गाडी 10:40ला लावली, 3 वाजून 20 मिनिटांनी परतल्या. तबकडी लावलेली नव्हती. चिठ्ठीवर निरीक्षणाची वेळ 12:05 ते 14:20.

शेवटची पाटी झाकली, कारण ती रहिवाशांना सूट देते. राहिलं काय? शनिवारसकट कामाच्या दिवशी, 8 ते 18, तबकडी लावून दोन तास. 10:40ला आल्यावर काटा 11वर हवा होता, आणि 1 वाजेपर्यंत गाडी ठेवता आली असती. म्हणजे तबकडी लावली असती तरी दोन तास वीस मिनिटं उशीर झालाच असता. फक्त तबकडी नव्हती म्हणून 12:05लाही, मुदतीच्या आत असताना, चूक नोंदली गेली.

आता दंड. पाटीवर तो नाही, तक्त्यात आहे. पावती किंवा तबकडी नसणं, किंवा मुदत ओलांडणं, याला नोव्हेंबर 2021पासूनचे दर असे: 30 मिनिटांपर्यंत 20 युरो, एका तासापर्यंत 25, दोन तासांपर्यंत 30, तीन तासांपर्यंत 35, त्यापुढे 40. तुम्ही किती वेळ गाडी ठेवली याला महत्त्व नाही, तपासनिसाने किती वेळ नोंदली याला आहे. 12:05 ते 14:20 म्हणजे सव्वादोन तास, म्हणून 35 युरो. तो दुसऱ्यांदा फिरकलाच नसता तर 20वर भागलं असतं.

ताईंनी विचारलं, ‘मग भरू की नको?’ म्हटलं, भरा.

मनाईच्या खुणेखाली पार्किंग केलं तर सुरुवात 25 युरोंपासून; तासाच्या वर गेलं किंवा कोणाची अडचण झाली तर वाढत 50पर्यंत. फुटपाथवर, दुसऱ्या रांगेत, अपंगांच्या किंवा चार्जिंगच्या जागेत थेट 55.

चिठ्ठी आल्यावर

55 युरोंपर्यंतच्या रकमेला ‘फेरवार्नुंग्सगेल्ड’ म्हणतात, म्हणजे ताकिदीची रक्कम. ती साधारण आठवड्यात पूर्ण भरली की प्रकरण मिटतं. अर्धी भरून ‘बाकीचं पटत नाही’ असं करता येत नाही. अर्धी रक्कम भरली तरी ताकीद मिटत नाही. पैसे पाठवताना चिठ्ठीवरचा प्रकरण क्रमांक जसाच्या तसा टाका. एक अंक चुकला की तुमचे पैसे भलतीकडे आणि प्रकरण चालूच.

भरलं नाही तर रीतसर दंडाचा आदेश येतो आणि रकमेवर 25 युरो शुल्क आणि 3.50 युरो टपालखर्च चढतो. 20चे 48.50 होतात. आदेश मिळाल्यापासून दोन आठवड्यांत हरकत नोंदवता येते, नंतर नाही. भाड्याच्या गाडीत चिठ्ठी आधी कंपनीकडे जाते, कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्या कामाचं स्वतःचं शुल्क वेगळं कापते. त्यामुळे कार्डातून पैसे गेले म्हणजे दंड भरला गेला असं समजू नका. बहुतेकदा ते फक्त कंपनीचं शुल्क असतं आणि दंडाचं पत्र नंतर येतं.

इथे थांबा, दुसऱ्याला विचारा

गाडी जागेवर नसेल तर आधी जवळच्या पोलिसांना विचारा. चोरीची तक्रार करण्याआधी गाडीचा नंबर सांगा. उचलली असेल तर त्यांच्या नोंदीत सापडते, आणि कित्येकदा ती फक्त बाजूच्या गल्लीत सरकवलेली असते. भाड्याची असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.

सगळ्या तपासण्या करूनही दोन पाट्या एकमेकींना छेद देत असतील, तर फोटोवरून तर्क लढवू नका. पालिकेचे गणवेशातले तपासनीस दिवसा रस्त्यावर फिरत असतात. त्यांना गाडी दाखवून विचारा. नाहीतर सशुल्क गॅरेजमध्ये लावा. माझ्या मते गोंधळाच्या पाटीखाली उभं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वकील 20-35 युरोंसाठी नको, त्याची फी दंडाहून जास्त होते. पण गाडी उचलण्याचा शेकडो युरोंचा खर्च मागितला असेल आणि तात्पुरती पाटी तीन दिवस आधी नव्हती असा फोटो तुमच्याकडे असेल, खासगी जागेच्या कंपनीने वसुलीची पत्रं चालू केली असतील, किंवा दंडाचा आदेश येऊन दहा-बारा दिवस झाले असतील, तर वाहतूक कायद्याच्या वकिलाकडे त्याच दिवशी जा. जाताना पाकिटावर टपालखात्याने लिहिलेली पोचवल्याची तारीख फाडून टाकू नका. दोन आठवडे तिथूनच मोजतात.